एक गंज आणि सहा व्हिडिओ

आमच्या दुकानाच्या माळ्यावर ठोक्याचे सहा गंज पडून होते. गंज म्हणजे उभ्या काठाचं, बसक्या बुडाचं पितळी पातेलं. प्रत्येकाचं वजन दोन किलोच्या थोडं वर, आतून कल्हई, बाहेरून हातोडीच्या ठोक्यांचे गोल गोल ठसे. असा गंज आमच्याकडे आता एकच माणूस बनवतो. ते काका माझ्या लग्नाच्या आधीपासून दुकानाच्या मागच्या खोलीत ऐरणीपुढे बसतात. बाकीचा सगळा माल मशीनचा येतो. त्यामुळे गंजाचं काम थांबलं की काकांचंही काम थांबणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

बोलले ते आमचे हे. गणपती उठल्यानंतर एक दिवस माळा झाडताना म्हणाले, "धनतेरसपर्यंत गेले तर गेले. नाही तर सहाच्या सहा मोडीत देतो अन् काकाले सांगून टाकतो, का आता गंज नोका बनवू."

मी म्हटलं, "अन् काका काय करतील?"

"मले काय माहीत? मी का दुकान त्यायच्यासाठी चालवून राहिलो?"

असं म्हणून ते झाडू घेऊन आणखी वर चढले. मनातून वाईट वाटलं की ते नेहमी एखादं काम काढतात.

मुलगी तेव्हा घरी होती. नागपूरला जाहिरातीच्या एका ऑफिसात दोन वर्षं काम करून कंटाळून आली होती. तिनं हे सगळं पायऱ्यांवर बसून ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, मले तो एक गंज द्या. मी त्याचे सहा व्हिडिओ बनवते."

"एका गंजाचे सहा कायले? एकच चांगला बनव ना. सगळं सांगून टाक त्याच्यात."

इथून पुढचा दीड महिना माझं डोकं उठलं. मी दुकानात वजनकाट्याजवळ बसते. मला एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागली की राग येतो. यांना मात्र एका व्हिडिओत एकाच माणसाला एकच गोष्ट सांगायची, हे मुलीनं किमान दहा वेळा सांगितलं.

तिनं जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर सहा चौकटी आखल्या. प्रत्येक चौकटीत चार ओळी: कोण पाहणार, पहिल्या तीन सेकंदांत काय दिसणार, एकच गोष्ट कोणती सांगायची, शेवटी पाहणाऱ्यानं काय करायचं. प्रत्येक व्हिडिओ तीस-चाळीस सेकंदांचा, फोन उभा धरून काढलेला. मला ही मांडणी आवडली. खतावणीसारखी स्वच्छ होती.

पहिला व्हिडिओ शहरात नवा संसार मांडलेल्यांसाठी, ज्यांनी पितळेत कधी शिजवलेलं नाही: गंजात वरण कसं करायचं. दुसरा मुलीचं लग्न ठरलेल्या आयांसाठी: आंदणात गंज आणि त्यावर नाव. तिसरा, ज्यांच्या घरी जुनं पितळ काळं पडून आहे त्यांच्यासाठी: घासायचं कसं, कल्हई गेली हे ओळखायचं कसं. चौथा हातकाम बघायला आवडणाऱ्यांसाठी: काका ठोकताना, बोलणं काहीच नाही, नुसता आवाज. पाचवा खानावळ, डबे, ढाबा चालवणाऱ्यांसाठी: किती मावतं, किती वाढून होतं. सहावा आमच्या जिल्ह्यातून बाहेर गेलेल्यांसाठी, आमच्या बोलीत.

"अन् दुकानाचा पत्ता?" यांनी विचारलं.

"तो खाली लिहून राहीन, बाबा."

"अन् आपल्याकडे तांबं बी मिळते, कांसं बी मिळते, समया मिळतात…"

"बाबा, ज्या बाईले वरण शिजवायचं हाये तिले समई कायले दाखवता?"

"दिसली तर घेईल."

"दिसली तर पुढचा व्हिडिओ पाहीन ती. तीन सेकंद देते माणूस. तीन! तेवढ्यात तिले कळलं पाहिजे का हे तिच्यासाठी हाये."

हे माझ्याकडे वळले. "अव, तू सांग हिले. गिऱ्हाईक दुकानात आलं तर आपण सगळंच दाखवतो का नाही?"

मी म्हटलं, "दाखवता. म्हणून तर अर्धे चहा पिऊन निघून जातात."

दोन दिवस ते माझ्याशी फक्त वजनापुरतं बोलले.

खरी अडचण पुढे होती. सहा व्हिडिओ, गंज एक. तो एकदा चुलीवर चढला की बुडाला काळा होणार. घासला की पुन्हा चमकेल, पण कोऱ्या मालाची चमक वेगळी. म्हणून काढायचा क्रम चौकटींच्या क्रमानं लावून चालत नव्हता, गंजाच्या अवस्थेनं लावावा लागत होता. मुलीनं आणि मी बसून तो लावला. आधी कोरा असताना लागतात ते: लग्नाचा आणि मापाचा. मग बाहेर गेलेल्यांसाठीचा, कारण त्यात मी तो नुसता हातात धरून बोलणार होते. मग वरणाचा, आणि वरणानं काळा झाला की लगेच घासण्याचा. ठोकण्याच्या व्हिडिओला तयार गंज लागतच नव्हता. काका पत्र्यावर ठोकणार, शेवटी फक्त तयार गंजाकडे कॅमेरा वळणार. तो सगळ्यात आधी.

ठोकण्याचा व्हिडिओ एका सकाळी झाला. त्यातही हे मध्येच "काका, जरा हसा ना" म्हणाले आणि तो आवाज आला, म्हणून पुन्हा काढावा लागला. काका हसले नाहीतच. ते म्हणाले, "हातोडी चालू असताना हसलो तर बोट जाईन जी."

मापाचा व्हिडिओ माझ्या वाट्याला आला. त्यात बोलायचं नव्हतं, फक्त मोजायचं होतं. दुकानात हे गेली कित्येक वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला "पाच लिटरचा गंज" असं सांगतात. मी लिटरचं माप घेऊन पाणी ओतलं. चार लिटर झाले तेव्हा काठ तीन बोटं खाली होता. पाचव्यातलं सातशे मिली गेलं आणि पाणी काठावर आलं.

"चार लिटर सातशे," मी म्हटलं. "अन् शिजवायला चारच. वर जागा नको का उकळायला?"

"पाच सांग ना. तीनशे मिलीनं का कोणाचं पोट भरत नाही?"

"ढाबेवाला मोजून पाहीन. त्याचा धंदाच मापाचा हाये."

"तर मग सव्वाचार सांग."

"सव्वाचार कुठून आलं?"

 मी मुलीला लिहून दिलं: चार लिटर शिजवता येतं, दीडशे मिलीची वाटी धरली तर सव्वीस वाट्या वाढून होतात. तिनं तेवढंच घेतलं. पाण्याची धार, वाट्यांची रांग, आकडा. यांना तो व्हिडिओ सगळ्यात रूक्ष वाटला. "शाळेतला तास वाटते," म्हणाले.

वरणाच्या व्हिडिओसाठी यांना वेगळंच पाहिजे होतं. पितळेत जेवलं की बुद्धी वाढते, हाडं मजबूत होतात, असं काहीतरी त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि ते पडद्यावर मोठ्या अक्षरांत यावं असा हट्ट. मी विचारलं, "कोणाची वाढली?"  माझं म्हणणं एवढंच की जे आपल्याला माहीत आहे ते सांगावं. रिकामा गंज पेटत्या गॅसवर ठेवू नये, कल्हई वितळते. आधी पाणी घालावं, मग जाळ. आच मध्यम. कल्हई शाबूत असेल तर आंबट शिजवायला हरकत नाही, पण शिजलेलं आंबट त्यात ठेवून देऊ नये. हे चार नियम आहेत आणि खरे आहेत. मुलीनं त्यातलाही एकच घेतला, आधी पाणी मग जाळ, आणि बाकीचे तीन विचारणाऱ्यांना उत्तरात द्यायचे ठरवले. तेव्हा मलाही थोडा राग आला. चारही महत्त्वाचे होते. मग लक्षात आलं की मीही यांच्यासारखंच करून राहिले.

पण माप आणि वरण व्हायच्या आधी, लग्नाच्या व्हिडिओच्या दिवशी, जे झालं ते सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं.

आमच्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय आंदण दिलं जात नाही. छिन्नीनं टिंबं टिंबं पाडून अक्षर काढायचं: कोणाला, कोणाकडून, कशानिमित्त. काका हे काम अजून हातानं करतात. मुलीच्या चौकटीत लिहिलं होतं, "नाव पडताना जवळून, दोन-तीन अक्षरं, आठ सेकंद." तिनं काकांना सांगितलं, "काका, काही पण नाव घाला. नुसतं दाखवायचं हाये."

काकांनी छिन्नी लावली. 'चि. सौ. कां.' एवढं पडेपर्यंत तिनं काढून घेतलं, झालं म्हणाली, आणि फोन चार्जिंगला लावायला आत गेली. मी काट्याजवळ होते. हे समोरच्या दुकानात गप्पा मारत होते. काका ठोकत राहिले. मला टक-टक ऐकू येत होती, पण ती रोजचीच.

मुलगी परत आली तेव्हा गंजाच्या काठाखाली चांगलं वीतभर लिहून झालं होतं. चि. सौ. कां., मग आमच्या मुलीचं पूर्ण नाव, मग 'हिच्या लग्नानिमित्त आई-बाबांकडून'.

तिनं ते दोनदा वाचलं. "काका! हे काय केलं जी तुम्ही?"

"नाव घातलं."

"माहं काहून? माहं लग्न कुठं हाये?"

"आज नाही तर उद्या होईनच ना, बेटा."

"मी म्हटलं ना, काही पण घाला!"

काका छिन्नी पुसत होते. "काही पण कसं घालू? खोट्या माणसाचं नाव मी भांड्यावर घालत नाही. अर्धं बी ठेवत नाही. ज्याचं भांडं त्याचं नाव. तू घरची पोर, गंज घरचा. चूक काय झाली?"

तेवढ्यात हे आले. त्यांनी वाचलं आणि पोट धरून हसले. मुलगी म्हणाली, "हसून काय राहिले, बाबा? मी का लग्न करून राहिली?"

दुसरा गंज घ्यावा असं ती म्हणाली. यांनी साफ नकार दिला: एक वापरला गेला, आणखी एक वापरात गेला तर विकायला चारच राहतील. छिन्नीची टिंबं घासून जात नाहीत. शेवटी असं ठरलं की बाकीच्या व्हिडिओंत नावाची बाजू भिंतीकडे करायची. मी दोरीनं मोजून पाहिलं, घेराच्या जेमतेम तिसऱ्या भागाएवढं लिखाण होतं, म्हणजे ते जमण्यासारखं होतं. लग्नाच्या व्हिडिओत नाव दिसणारच होतं, पण लांबून. त्यात गंजात नारळ आणि खण ठेवणारे माझे हात होते. हे म्हणाले, "फोनवर एवढं बारीक कोण वाचते?" आणि आम्ही दोघींनी ते मान्य केलं. याची चूक मी माझ्याकडेही घेते. मापात तीनशे मिली सोडले नाहीत आणि इथे वीतभर नाव सोडलं.

घासण्याच्या दिवशी आणखी एक प्रकार. आदल्या दिवशी वरण केलं, तेही अंगणात चुलीवर, गंज मुद्दाम काळा होऊ दिला. मुलगी खूश होती. असा काळा गंज चिंच-मिठानं अर्धाच घासून दाखवायचा, एक बाजू काळी, एक सोन्यासारखी, हे तिचे पहिले तीन सेकंद होते. सकाळी आम्ही मोरीत गेलो तर गंज लख्ख.

"कोणी घासला?"

हे दाढी करत होते. "मी. दुकानात नेऊन राहिलो होतो. आपला माल असा काळा ठेवतात काय? कोणी पाहिलं असतं तर?"

"बाबा, पाहायलाच तर पाहिजे होतं!"

पुन्हा वरण. दोन दिवस आम्ही वरणच खाल्लं. दुसऱ्या वेळी मी गंजाजवळ बसून राहिले, हे फिरकू नयेत म्हणून.

सहाही तयार झाले तेव्हा दसरा होऊन गेला होता. मुलीनं दर दोन दिवसांनी एक टाकायचं ठरवलं. मी एक वही केली. कोणत्या व्हिडिओवर किती जणांनी काय विचारलं, त्यातल्या किती जणांना खरंच गंज पाहिजे होता.

ठोकण्याच्या व्हिडिओवर लोक खूप आले. "आवाज छान", "कला जपा", आणि हात जोडलेली चित्रं. मी दोनशे अकरा मोजली. गंज मागणारा एकही नाही. हे म्हणाले, "पाहिलं? दोनशे अकरा." मी म्हटलं, "पाहिलं. शून्य."

वरणाच्या व्हिडिओवर प्रश्न चांगले आले, आणि तेच तीन नियम आम्ही तीसेक वेळा लिहून पाठवले. गंज कोणी मागितला नाही. बहुतेकींना लहान पाहिजे होता.

मग लग्नाचा टाकला.

तासाभरात माझ्या नणंदेचा वरठीहून फोन. "वहिनी, एवढं परकं केलं आमाले? पोरीचं लग्न ठरवलं अन् फोनवर पाहून कळावं?"

"अव, नाही ठरलं. ते दाखवायसाठी हाये."

"दाखवायसाठी नाव घालतात काय कोणी? पितळेवर? मले काय समजत नाही?"

तिनं फोन ठेवला. मग यांच्या मावसभावाचा. मग माझ्या माहेरचा. एकीनं तर व्हिडिओ थांबवून, गंज मोठा करून, नाव वाचल्याचं सांगितलं. पहिल्या दोन दिवसांत सत्तावीस फोन. त्यातले चोवीस लग्नाबद्दल. मुलगा काय करतो, गाव कोणतं, तारीख का नाही लिहिली. मुलीनं फोन उचलणं बंद केलं. ती व्हिडिओ काढून टाकायला निघाली आणि मी तिचा हात धरला, कारण उरलेले तीन फोन मी वहीत वेगळे लिहिले होते.

तिघीही नात्यातल्याच. अभिनंदन करायला फोन केला, लग्न नाही हे ऐकून ओशाळल्या, आणि फोन ठेवायच्या आधी तिघींनी जवळपास एकच विचारलं: आमच्या पोरीचं हिवाळ्यात आहे, असंच हातानं नाव घालून मिळेल काय?

मुलीनं वही आपल्याकडे ओढली. "म्हणजे हा व्हिडिओ बरोबर माणसांपर्यंत गेला."

"चुकीच्या चोवीसांपर्यंत बी गेला," मी म्हटलं.

तिघींपैकी दोघींनी गंज नेले. तिसरीचं लग्न पुढं गेलं. घासण्याचा व्हिडिओ पाहून लोक त्यांचं जुनं पितळ कल्हईला घेऊन आले, ते वेगळं. पण गंज कोणी नेला नाही. बोलीतला व्हिडिओ बाहेरगावच्या लोकांनी एकमेकांना पाठवला, मलाच कोणी "मावशी" म्हणून खूप काही लिहिलं, पण पितळ पाठवायचं कसं यावरच सगळं थांबलं. आणि तो रूक्ष, शाळेतल्या तासासारखा मापाचा व्हिडिओ साकोलीकडच्या हायवेवरच्या एका ढाबेवाल्यानं पाहिला. तो धनतेरसच्या आदल्या दिवशी आला, स्वतःचं माप घेऊन. त्यानं दुकानातच पाणी ओतून पाहिलं. चार लिटर सातशे. "बरोबर हाये," म्हणाला, आणि दोन नेले. मी यांच्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती, ते कपाट पुसायला लागले होते.

धनतेरसच्या दिवशी संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर हे माळ्यावर गेले आणि उरलेला एक गंज खाली आणून काट्यावर ठेवला. मोडीत देताना आधी वजन करतात. काका मागच्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"किती गेले?" यांनी मला विचारलं. त्यांना माहीत होतं.

"चार," मी म्हटलं. पाच म्हणता आलं असतं. नावाचा गंज घरात गेला, तो मोजला तर पाच होतात, आणि त्या क्षणी मला ते फार म्हणावंसं वाटलं. पण तो विकला नव्हता. "एक घरचा. एक हा."

"मी सहा म्हटलं होतं."

"हो."

मुलगी म्हणाली, "बाबा, चार…"

"मले मोजता येते," हे चिडून म्हणाले. सगळ्यांवर चिडून, काट्यावरही. त्यांनी गंज उचलला, पुसला, आणि मोडीच्या पोत्याकडे न नेता समोरच्या फळीवर ठेवला. मग काकांकडे न बघता म्हणाले, "चार गेले. चारचा पत्रा आणतो. चारच बनवा. सहा नोका बनवू."

काकांनी मान हलवली. 

"नावं कोणाची घालायची?" त्यांनी विचारलं.

"कोणाचीच नाही!" मुलगी आणि हे एकदम ओरडले.

"तर मग जोपर्यंत नावं येत नाहीत, तोपर्यंत कोरे ठेवतो," असं म्हणून काका आत गेले. नावाचा गंज आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. त्यात रोज वरण होतं, आधी पाणी, मग जाळ. पाहुणे आले की मी नावाची बाजू भिंतीकडे करते.